बंद केलाय, चढ

१

वेल्ह्याच्या रस्त्यानं निघालं आणि मार्गासनी मागं पडली, की भातखाचरांच्या मधोमध तारेच्या कुंपणात वीज कंपनीचं एक छोटं उपकेंद्र आहे असं धरून चालू. बाहेर खडी पसरलेल्या आवारात दोन ट्रान्सफॉर्मर, आत एक लांबट खोली. खोलीत भिंतीला लागून माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं उभी. त्यांना पॅनेल म्हणतात. एकेका पॅनेलवरून एकेका भागाची वाहिनी, म्हणजे फीडर, चालू-बंद होतो. पॅनेलला एक काळी मूठ असते. ती एका बाजूला फिरवली की खट्‌ असा आवाज होतो आणि डोंगराआडच्या कुठल्यातरी घरात पंखा फिरू लागतो. दुसऱ्या बाजूला फिरवली की थांबतो.

हनुमंत तिथं यंत्रचालक होता. घर भोरजवळ उत्रोलीत. रोज गाडीवरून ये-जा. ड्यूटीला कधी उशीर नाही, दारू नाही, कुणाशी हुज्जत नाही. साहेब लोक बदलून जात, जाताना म्हणत, "हनुमंतराव, तुमच्यामुळं इथलं टेन्शन नव्हतं." हे त्याला आवडायचं. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायचं, एवढंच त्याचं कौशल्य आणि तेवढीच त्याची बढाई.

फीडरवर दुरुस्ती करायची तर नियम कडक आहेत. लाइनमननं लेखी परमिट मागायचं. यंत्रचालकानं फीडर बंद करायचा, तारा जमिनीशी जोडायच्या, मुठीवर 'माणसे काम करीत आहेत' ही पाटी अडकवायची, मग परमिटवर सही करून ते हातात द्यायचं. काम झाल्यावर ज्यानं परमिट घेतलं त्याच माणसानं ते परत करायचं. परत आल्याशिवाय मुठीला हात लावायचा नाही.

पण लाइनमन असतो डोंगरात, उपकेंद्र असतं खाली. एका परमिटासाठी खाली-वर करत बसलं तर दिवस जातो. म्हणून सगळं फोनवर चालायचं. "दादा, बंद करा." "बंद केलाय, चढ." काम झालं की पुन्हा फोन, "उतरलो, चालू करा." संध्याकाळी लाइनमन खाली आला की परमिटाचे कागद दोघं मिळून मागल्या वेळा टाकून भरायचे. साहेबांना हे माहीत होतं. साहेबांच्या साहेबांनाही माहीत होतं. पाटी पॅनेलच्या मागं भिंतीला टेकून उभी असायची, तिच्यावर कोळी जाळं करायचा.

२

दिलावर भोरचा. ठेकेदाराच्या पटावरचा लाइनमन, म्हणजे काम कंपनीचं पण माणूस कंपनीचा नाही. अंगानं किरकोळ, खांबावर चढायला चपळ. हनुमंताला तो दादा म्हणायचा. बायको अकिला डब्यात काही वेगळं द्यायची तेव्हा तो उपकेंद्रात येऊनच जेवायचा, अर्धं हनुमंताच्या ताटात वाढायचा.

श्रावण सरत आला होता. दुपारी दिलावरचा फोन आला तेव्हा हनुमंत भाकरी खात होता.

"दादा, कातळवाडी बंद करा. वळणावरच्या खांबावरचा इन्सुलेटर तडकलाय."

हनुमंत घास चावत उठला, कातळवाडी फीडरची मूठ फिरवली आणि म्हणाला, "बंद केलाय. चढ."

थोड्या वेळानं साहेबांचा फोन आला. तालुक्यांचा आढावा चालू होता. मोठे अधिकारी पडद्यासमोर बसून कुठला फीडर किती वेळ बंद आहे ते बघत होते, आणि कातळवाडी लाल दिसत होता.

"हनुमंतराव, चालू करा तो. वरून विचारतायत."

"दिलावरचं काम चाललंय साहेब."

"एक इन्सुलेटर तर बदलायचाय. झालं असेल हो एवढ्यात. चालू करा, मला उत्तर द्यायचंय."

मूठ फिरवण्याआधी एक फोन दिलावरला लावायचा होता. तेवढंच. मोबाईल समोर टेबलावर होता. मूठ फिरवताना तुमच्या मनात काय होतं, असं पुढं त्याला बऱ्याच जणांनी विचारलं. त्यानं स्वतःलाही विचारलं. खरं उत्तर एकच होतं: काही नव्हतं. साहेबांनी चालू करा म्हटलं आणि हात गेला. मागं हजार वेळा गेला होता तसाच.

खट्‌. मीटरचा काटा वर उडाला आणि फीडर आपोआप पडला, म्हणजे बंद झाला.

फीडर पडला की एकदा पुन्हा चालू करून बघायचा, ही रीत आहे. कधी फांदी लागते, कधी पाखरू, दुसऱ्यांदा बसतो. हनुमंतानं रीतीप्रमाणे पॅनेलवरची पडलेली खूण सरळ केली आणि मूठ पुन्हा फिरवली. फीडर क्षणभर टिकला आणि पुन्हा पडला.

मग त्यानं दिलावरला फोन लावला. 'लाइन बसत नाहीये, जरा बघून ये' हे सांगायला. पलीकडं रिंग वाजत राहिली.

खालच्या खाचरात भिमा नावाचा शेतकरी तण काढत होता. तो चिखलाच्या पायांनी पळत रस्त्यावर आला, तेव्हा कळलं.

३

जबाब भोरच्या कार्यालयात झाले. आनंदराव तिथले जुने लिपिक. निवृत्तीला आलेले, मृदू बोलणारे. कुणाच्याही अडचणीत धावून जाणारे. हनुमंताला त्यांनी आधी चहा दिला.

"जास्त विचार करू नका. विचारानं माणूस आजारी पडतो. मी मसुदा केलाय, वाचून घ्या."

जबाबात लिहिलं होतं की त्या दिवशी कातळवाडी फीडरसाठी माझ्याकडे कोणीही परमिट मागितले नाही, माझ्या नोंदवहीत तशी नोंद नाही. मयताने विना परमिट व सुरक्षा साधनांचा वापर न करता स्वतःच्या निष्काळजीपणाने काम सुरू केले.

"त्यानं फोन केला हुता," हनुमंत म्हणाला.

"परमिट लेखी असतं ना? तुमच्याकडं नोंद आहे का?"

"न्हाई. ते आमी सांजच्याला भरतो."

"मग नोंद नाही. म्हणजे मागितलं नाही. यात खोटं काय आहे?"

"आणि त्येचा तारा जमिनीला जोडायचा रॉड मोडला हुता. त्यानं दुसरा मागितला हुता."

"मागणी मंजुरीला गेलेली आहे. पण वापरला नाही, हे खरं ना?"

खरं होतं. एकेक वाक्य घेतलं तर बहुतेक खरंच होतं. आनंदरावांनी चष्मा काढून पुसला.

"हनुमंतराव, तुम्ही वेगळं लिहिलंत तर साहेब अडकतात. त्यांची लहान मुलं आहेत. साहेबांना वरून विचारलं होतं, ते वरचे अडकतात. तुमचीही नोकरी जाते. आणि गेलेला माणूस काही परत येत नाही. मग कुणाचं भलं झालं?"

साहेबांनी त्यांच्या जबाबात आपण फक्त चौकशी केली होती असं लिहिलं होतं. ठेकेदारानं माणसाला सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं होतं असं लिहिलं होतं. आढाव्यातल्या मोठ्यांना तर कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर आलं होतं आणि उरलेलं सगळं दिलावरच्या नावावर गेलं होतं, कारण त्याचा जबाब घ्यायचा नव्हता.

हनुमंतानं सही केली. सही नेहमीसारखीच आली. बाहेर पडल्यावर त्यानं मंगलसाठी, म्हणजे बायकोसाठी, भाजी घेतली, हेही त्याला पुढं आठवायचं.

४

भात पिवळं पडायला लागलं तेव्हा तो पहिला फोन आला.

उपकेंद्राचा मोबाईल साधा, बटणांचा. कायम चार्जरला लावलेला. दुपारी जेवण उघडलं आणि तो वाजला. पडद्यावर उजेड आला, नंबर आला नाही.

"हां, बोला."

पलीकडं कुणी बोललं नाही. वारा होता. मोकळ्या रानातला, उंचावरचा वारा, कानापाशी फडफडणारा. थोड्या वेळानं बंद झाला.

रेंजची भानगड, हनुमंतानं मनाशी म्हटलं आणि घास घेतला.

दोन-चार दिवसांनी पुन्हा. वारा, आणि त्यात दूर कुठंतरी भारद्वाज घुमत होता. मग चामडं करकरल्यासारखं काही. मग श्वास. धाप लागलेल्या, पण घाबरलेल्या नव्हे अशा माणसाचा. काम करणाऱ्याचा.

"कोण बोलतंय? कुटनं बोलताय?"

फोन बंद. पुढं हे होतच राहिलं. रोज नाही, पण भाकरी सोडली की हमखास. नेमकं तेव्हाच का, हे त्यानं ठरवून मनात येऊ दिलं नाही. आलेल्या फोनांच्या यादीत बघितलं तर तिथं साहेब, ठेकेदार, मार्गासनीचा एक तक्रारवाला, एवढेच. मोबाईल जुना झालाय, यादी धरत नसेल. बाहेर जाऊन त्यानं आकाश बघितलं. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

ट्रान्सफॉर्मर सतत घुमतात. इतक्या वर्षांत तो आवाज त्याला ऐकू येईनासा झाला होता. आता यायला लागला. खोलीत बसलं की वाटायचं, कुणीतरी ओठ मिटून एकच सूर धरलाय आणि मधे श्वास घेत नाहीये.

हळूहळू त्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट कळायला लागली. वाऱ्याच्या आत, लांब, एक बारीक आवाज होता. दुसऱ्याच कुणीतरी धरलेल्या फोनमधून बाहेर ऐकू यावा तसा. शब्द लागत नव्हते, पण ढब लागत होती. माणूस काहीतरी चावत बोलत होता. सपाट बोलत होता. त्या आवाजात राग नव्हता, घाई नव्हती, काहीच नव्हतं. हनुमंताला भीती वाटली ती वाऱ्याची नाही, श्वासाची नाही. त्या चावत बोलणाऱ्या माणसाची वाटली.

५

अकिला आली ती एसटीनं. फाटकापाशी उभी राहिली, आत यायला कचरली. हनुमंतानं खुर्ची बाहेर आणून दिली. ती बसली नाही.

"हनुमंतभाऊ, विम्याचं नामंजूर झालं. त्यांच्याच चुकीनं झालं म्हणे, म्हणून."

"व्हय. ऐकलं म्या."

"त्याचं एवढं नाही. मी शिवणकाम करते, घर चालतंय कसंबसं." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मला एकच विचारायचंय. मी त्यांना रोज सांगायची, तार मेलेली आहे का बघून मगच हात लावा. ते म्हणायचे, दादांना फोन केल्याशिवाय मी पाय ठेवत नाही वर. दादा बंद म्हणाले की बंद. आता सगळे म्हणतात, न विचारता चढला. म्हणजे माझ्याशी खोटं बोलायचे का ते? रोजच?"

हनुमंत तारेच्या कुंपणाकडं बघत राहिला.

"मी त्यांना लई वाईट बोलते भाऊ. मेलेल्या माणसाला बोलू नये. पण रात्र झाली की बोलते. म्हणते, पोरीचा तरी विचार करायचा होता. एवढी कसली घाई होती? खरंच फोन केला नव्हता का त्यांनी?"

त्यानं तोंड उघडलं. सांगणारच होता. निदान पुढं त्याला तसं वाटायचं, की त्या क्षणी तो सांगणार होता. पण तोंडातून जे आलं ते तयारच होतं, दुसऱ्या कुणीतरी रचून ठेवलेलं.

"माझ्याकडं तशी नोंद नाही वहिनी."

तिनं मान हलवली. नोंद नाही म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत हनुमंत तिथंच उभा होता. आपण आत्ता कसं बोललो, ते त्याच्या कानात घोळत होतं. ती ढब त्यानं कुठंतरी ऐकली होती.

आत मोबाईल वाजत होता.

६

गोरख पुढच्या पाळीचा यंत्रचालक. तरणा, हसरा, कशाचाही लगेच उलगडा करणारा. त्या दिवशी तो पाळीआधीच आला आणि त्याला हनुमंताच्या हातात वाजणारा मोबाईल दिसला.

"घ्या की दादा. साहेब असतील."

"तू घे," हनुमंत म्हणाला. "नुसता ऐक. मला सांग काय ऐकू येतंय."

गोरखनं फोन कानाला लावला. हनुमंत त्याच्या तोंडाकडं बघत होता. गोरखला ऐकू येऊ नये, असं त्याला वाटत होतं. मग ते डोक्यातलं ठरलं असतं. डॉक्टरकडं जाता आलं असतं.

"वारा हाय," गोरख म्हणाला. मग कपाळाला आठी घालून ऐकत राहिला आणि एकदम हसला. "तुमीच हाय की."

"काय?"

"तुमचाच आवाज. मागं कवातरी बोललेलं फिरून येतंय. इको मारतोय. माझ्या मोबाईलवर बी झालं हुतं एकदा." त्यानं फोन पुढं केला. "ऐका, साफ येतंय आता. जेवताना बोललाय तुमी."

हनुमंतानं ऐकलं.

वारा. चामडी पट्ट्याची करकर. भारद्वाज. आणि कुणाच्या तरी कानाशी धरलेल्या फोनमधून, घास चावत, सपाट आवाजात:

"बंद केलाय. चढ."

स्वतःचा आवाज माणसाला लवकर ओळखू येत नाही. आतून तो वेगळा ऐकू येतो. दिलावरला मात्र तो असाच ऐकू येत होता. आणि हा फोन कुणाचा आहे, हा प्रश्नच चुकीचा होता. हनुमंत इतके दिवस स्वतःचंच बोलणं खांबाच्या बाजूनं ऐकत होता.

"कंपनीला कळवा, नवीन मोबाईल देतील," गोरख म्हणाला आणि डबा फडताळात ठेवायला गेला.

फोन बंद झाला नव्हता. पलीकडं शिडीवर पाय ठेवल्याचा आवाज आला. हलक्या अंगाचा माणूस एकेक पायरी चढत होता, आणि चढता चढता तो काहीतरी गुणगुणत होता. निर्धास्त.

"उतर," हनुमंत म्हणाला. गोरखनं वळून बघितलं. हनुमंत पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्यानं, "दिलावर, खाली उतर."

चढण्याचा आवाज थांबला नाही. फोनमधून तिकडं फक्त एकच वाक्य जात होतं, आणि ते आधीच गेलं होतं.

७

त्या रविवारी तो भोरला अकिलाच्या घरी गेला. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. तिची मुलगी अम्रीन दारात अभ्यास करत बसली होती. आईनं तिला शेजारी पाठवलं.

हनुमंत पाटावर बसला नाही. उभ्यानंच बोलला.

"वहिनी, त्यानं फोन केला हुता. म्या बंद केलाय म्हणून सांगितलं. मग साहेबांनी सांगितलं म्हणून पुन्हा चालू केला. त्येला इचारलं न्हाई."

मशीनच्या चाकावर तिचा हात होता. तो तिथंच राहिला.

"फीडर पडला. म्या आणखी एकदा चालू केला."

"दोनदा?"

"व्हय. दोनदा. तशी रीत हाय."

बाहेरून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. अकिला म्हणाली, "म्हणजे ते खोटं बोलत नव्हते."

"न्हाई."

"मी किती बोलले त्यांना." ती भिंतीकडं बघत होती. हनुमंतावर ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्याशी बोलतच नव्हती. "रोज रात्री बोलले. आता ते परत कसं घेऊ?"

त्याच्याजवळ जी उत्तरं होती ती सगळी आनंदरावांनी लिहिलेली होती.

निघताना ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? जिथं सही केली तिथं जाऊन सांगा."

८

आनंदराव रागावले नाहीत. त्यांना वाईट वाटलं.

"चौकशी बंद झालीय हो. अहवाल वर गेला. आता उघडायचं म्हणजे आधीचा जबाब खोटा दिला असं तुम्हीच लिहून द्यायचं. कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"कुणी न्हाई."

"मग?"

कुणी सांगितल्याशिवाय केलेली ही बहुधा हनुमंताच्या आयुष्यातली पहिली गोष्ट. ती कशी सांगावी हे त्याला कळेना. त्यानं अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला होता, वाकड्या ओळींचा, सरकारी भाषा नसलेला. आवक खिडकीतल्या मुलीनं शिक्का मारला, पोच दिली. दुसरी प्रत त्यानं पुण्याला विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात नेऊन दिली. असे अपघात तपासणं हे त्यांचं काम.

पुढं जे व्हायचं ते झालं, रेंगाळत झालं. हनुमंताला निलंबनाची नोटीस आली. साहेबांची बदली झाली. त्यांनी शेवटपर्यंत आपण फक्त चौकशी केली असंच म्हटलं, आणि त्यांना स्वतःला ते खरं वाटत होतं. आढाव्यात लाल-हिरवे फीडर बघणारे बघतच राहिले. अकिलाचं प्रकरण पुन्हा उघडलं गेलं. आनंदराव वेळेवर निवृत्त झाले, निरोप समारंभ चांगला झाला. मंगलनं नवऱ्याला एकदाच विचारलं, "आधीच का न्हाई सांगितलं?" पुन्हा विचारलं नाही.

पण सांगायचं आहे ते निरीक्षक जागा बघायला आले त्या दुपारचं.

भात कापून झालं होतं. खाचरात नुसते खुंट. वळणावरच्या खांबाला शिडी लावलेली होती. निरीक्षक, नवीन आलेले साहेब, भिमा, बांधावर उभी अकिला, आणि हनुमंत. उपकेंद्रात गोरख होता.

"मयत साधारण किती उंचीवर होता आणि त्याआधी इथून फोनवर बोलणं कसं झालं, ते बघायचंय," निरीक्षक म्हणाले. ते नेटके, वेळेचे पक्के गृहस्थ होते. "उपकेंद्राला फोन लावा. त्या दिवशी झालं तसंच मागा. पलीकडून बंद म्हणाले की शिडीवर चढून दाखवा. तारेत वीज नाही, मी आधीच खात्री केलीय. कागदही आहे माझ्याकडं."

हनुमंतानं स्वतःच्या मोबाईलवरून उपकेंद्राचा नंबर लावला. इतक्या वर्षांत तो नंबर त्यानं बाहेरून कधी लावला नव्हता. रिंग गेली. फोन उचलला गेला.

"कातळवाडी बंद करा," हनुमंत म्हणाला.

पलीकडं खोली होती. ट्रान्सफॉर्मरची ती ओठ मिटलेली घरघर. स्टूल सरकल्याचा आवाज. मग कुणीतरी सावकाश चालत गेलं. ती पावलं गोरखची नव्हती; गोरख चप्पल घासत चालतो. खट्‌. मग पावलं परत आली, आणि घास चावत कुणीतरी बोललं.

"बंद केलाय. चढ."

"म्हणाले बंद?" निरीक्षकांनी विचारलं.

"व्हय."

"मग चढा."

संध्याकाळी गोरख शपथेवर सांगणार होता की उपकेंद्रातला मोबाईल दुपारभर वाजलाच नाही, आपण जागेवरून हललो नाही. पण ते नंतर. आत्ता हनुमंतानं एक पाय शिडीवर ठेवला. वर तारा होत्या, नव्या पांढऱ्या इन्सुलेटरवर ऊन चकाकत होतं. आणि तिथंच, उन्हाकडं बघितल्यानं डोळ्यांपुढं येतो तसा एक काळा डाग, पट्ट्यानं खांबाला टेकलेला, पाठमोरा. त्याची मान किंचित कललेली होती, कानाशी काहीतरी धरलेलं असावं तशी.

हनुमंतानं डोळे मिटले. उघडले. ऊन होतं.

पलीकडचा माणूस अजून फोनवर होता. चावत होता. वाट बघत नव्हता, घाई करत नव्हता. त्याला विचारलं असतं की नक्की बंद आहे ना, तर तो हो म्हणाला असता. कुणी चालू कर म्हटलं असतं तरी हो म्हणाला असता. त्या आवाजात कुणी नव्हतंच. मूठ होती, आणि मुठीवर हात होता.

"चढा हनुमंतराव," निरीक्षक म्हणाले. "तार मेलेली आहे."

अकिला बांधावरून बघत होती. हनुमंताचा पाय पहिल्या पायरीवर होता आणि दुसरा जमिनीवरून सुटत नव्हता. इतकी वर्षं माणसं ज्या एका शब्दावर या खांबांवर चढली, तो शब्द त्याच्या कानात ताजा होता, आणि त्याचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

"मला न्हाई जमणार," तो म्हणाला. आणि फोन कानाशीच धरून, खाली मान घालून, पलीकडच्या माणसाला त्यानं विचारलं, "वर कोण हाय, ते एकदा बघ की."

पलीकडं चावणं थांबलं. जणू त्या माणसाला असं काही पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. मग स्टूल सरकलं, आणि तो पुन्हा जेवायला बसला.